कॅरोसेल करतेस ना, मग हे ऐकून ठेव

अगं, पुण्यात कोडिंग क्लासच्या जाहिराती करायची नोकरी लागली म्हणून पेढे दिलेस, ते गोड लागले. आता मावशीचं थोडं ऐक. ॲडमिशनच्या टेबलापलीकडे बसून माझी बरीच वर्षं गेली. लातूर-परभणीकडून बॅग घेऊन आलेली पोरं आणि त्यांच्या शेजारी फाईल धरून बसलेले वडील मी रोज पाहिले. तुझ्या नऊ-दहा स्लाइड बघूनच ते एसटीत बसणार आहेत. तुमचा कोर्स जावा फुल स्टॅकचा, सहा महिन्यांचा, म्हणून त्याच्याबद्दलच सांगते.

१. दावा ज्या स्लाइडवर, त्याची अट त्याच स्लाइडवर लिही — लोक अख्खं कॅरोसेल पाठवत नाहीत, एका स्लाइडचा स्क्रीनशॉट काढून घरच्या ग्रुपवर टाकतात. ‘अटी शेवटच्या स्लाइडवर’ म्हणजे अटी घरीच राहिल्या.

२. अट कॅप्शनमध्ये ढकलू नकोस — कॅप्शन एक-दोन ओळींनंतर दुमडलं जातं आणि ते उघडायला फारसं कुणी थांबत नाही.

३. अटीचा टाईप दाव्याएवढाच ठेव — केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंगच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात हेच सांगितलंय. डिझायनर कुरकुरेल, कुरकुरू दे.

४. पहिल्या स्लाइडवर कोर्स कुणासाठी आहे ते लिही, ‘आयुष्य बदला’ नको — बी.ए. झालेल्या पोराला तिसऱ्या मुलाखतीनंतर ‘फक्त बी.ई., एम.सी.ए. चालेल’ असं कळलं, तर तो कंपनीला नाही, तुम्हाला शिव्या देईल.

आता अभ्यासक्रमाची स्लाइड. तीस लोगो चिकटवायचा मोह होतो, मला माहीत आहे. पण चोवीस आठवडे, आठवड्याचे पाच दिवस, रोज दोन तास धरले तर समोर बसून शिकवायचे तास होतात २४०. तेवढ्यात तीस गोष्टी शिकवायच्या म्हटल्या तर एकेकीला आठ तास येतात, आणि आठ तासांत जावाचे लूपसुद्धा अंगवळणी पडत नाहीत. म्हणून स्लाइडवर आठवडे लिही. समज, असे: कोअर जावा सात आठवडे, डेटाबेस आणि एसक्यूएल तीन, एचटीएमएल-सीएसएस-जावास्क्रिप्ट चार, स्प्रिंग बूट पाच, रिॲक्ट तीन, प्रोजेक्ट दोन. बेरीज चोवीस. बेरीज जुळली की अर्धं खोटं आपोआप गळतं.

५. तीन रकाने कर: ‘हाताने करून घेतो’, ‘ओळख करून देतो’, ‘शिकवत नाही’ — डॉकर एका संध्याकाळी दाखवलं तर ते मधल्या रकान्यात जातं, आणि तिसरा रकाना वाचूनच लोकांचा पहिल्यावर विश्वास बसतो.

६. डेटा स्ट्रक्चर आणि ॲप्टिट्यूडची तयारी करून घेत नसाल तर ते तिसऱ्या रकान्यात ठळक लिही — बऱ्याच कंपन्यांची पहिली चाळणी तीच असते. पोराला आधी कळलं तर तो वेगळी तयारी तरी करेल.

७. शेवटी पोरगं काय बांधून दाखवेल, ते एका ओळीत सांग: ‘वाचनालयाची देवघेव सांभाळणारं, लॉगिन असलेलं, इंटरनेटवर चालणारं ॲप’ — ‘इंडस्ट्री-रेडी’ म्हणजे काय, ते फाईल धरून बसलेल्या वडिलांना कुणीच समजावून सांगितलेलं नसतं.

फीची स्लाइड दोनदा तपास. मराठी माणूस पैशाचं विचारायला लाजतो आणि न विचारताच रागावतो.

८. जीएसटीसकट रक्कम मोठ्या अक्षरात लिही: ७५,००० वर १८ टक्के म्हणजे १३,५००, एकूण ८८,५०० — ‘७५,००० + कर’ वाचणारा पंचाहत्तरच घेऊन येतो.

९. ‘महिना फक्त ७,३७५’ असं लिहायचं असेल तर त्याखाली ‘हे तुमच्या नावावरचं बारा महिन्यांचं कर्ज आहे’ असंही लिही — ८८,५०० भागिले बारा हे गणित बरोबर असलं, तरी हप्ता क्लासचा नसतो, फायनान्स कंपनीचा असतो.

यावर जरा थांबते, कारण रडारड इथेच होते. ‘नो कॉस्ट ईएमआय’मध्ये फायनान्स कंपनी आपलं व्याज आधीच कापून उरलेली रक्कम क्लासला एकदम देते. व्याज नाहीसं होत नाही, ते क्लासने सोसलेलं असतं, म्हणजे बहुतेक वेळा फीतच धरलेलं असतं. पोराने दुसऱ्या महिन्यात क्लास सोडला तरी हप्ता सुरूच राहतो. हप्ता थकला की सिबिल बिघडतं, आणि पुढे बहिणीच्या लग्नाला कर्ज मागायला गेल्यावर ते बाहेर येतं. तेव्हा स्लाइडवर तीन गोष्टी हव्यात: कर्ज कोण देतं, प्रोसेसिंग फी किती, आणि क्लास सोडला तर कर्जाचं काय. कर्ज देणाऱ्याला सही घेण्याआधी मुख्य तपशिलाचं पत्रक द्यावंच लागतं. त्यात सगळा खर्च धरून वर्षाचा दर लिहिलेला असतो. ‘ते पत्रक मागा’ ही ओळ तूच लिही. मालक काही म्हणाले तर मला फोन लाव.

१०. एकरकमी भरणाऱ्याला सूट असेल तर ती हप्त्याच्या ओळीशेजारीच लिही — दोन्ही एकत्र दिसल्याशिवाय ‘नो कॉस्ट’ची कॉस्ट कळत नाही.

११. परतावा तारखांनी सांग: ‘पहिल्या सात दिवसांत इतके, पंधराव्या दिवसापर्यंत इतके, नंतर नाही’ — ‘नियमानुसार परतावा’ हे वाक्य भांडणाच्या वेळी दोन्ही बाजूंनी वापरता येतं.

१२. फीच्या स्लाइडवर ‘अमुक बॅचपर्यंत लागू’ असं टाक — टाकलेल्या चित्रातला आकडा नंतर खोडता येत नाही, आणि जुना स्क्रीनशॉट घेऊन पोरगं वर्षभराने दारात उभं राहतं.

आणि आता नोकरी. इथे जीभ सगळ्यात जास्त घसरते.

१३. ‘१००% प्लेसमेंट असिस्टन्स’ लिहू नकोस — वाचणारा शेवटचा शब्द सोडतो, आणि लिहिणाऱ्याला ते ठाऊक असतं. काय देता ते मोजून सांग: रेझ्युमे दोनदा तपासू, सरावाच्या चार मुलाखती घेऊ, कोर्स संपल्यावर सहा महिने कंपन्यांच्या जागा कळवू.

१४. कंपन्यांची चाळणी तूच सांगून टाक: दहावीपासून ६० टक्के, पास होऊन किती वर्षं, मधली गॅप, बाँड — क्लास हे बदलू शकत नाही, म्हणून लपवूही नये.

टक्केवारीचं एक उदाहरण घे. समज, बॅचला ४८ जण आले. ९ जणांनी मध्येच सोडलं, ३९ जणांनी पूर्ण केलं. त्यातल्या ३० जणांना क्लासने ‘पात्र’ ठरवलं, म्हणजे ज्यांचे मार्क चाळणीत बसतात ते. त्यातले २७ ‘प्लेस’ झाले. पोस्टरवर येतं ९० टक्के, आणि भागाकारात चूक काढता येत नाही. पण त्या २७ मध्ये डोकावून बघ: ४ जण इंटर्नशिपवर, ३ जण कॉल घेणाऱ्या सपोर्टच्या कामावर, ३ जणांच्या हातात ऑफर लेटर पण जॉइनिंगची तारीख नाही. कोड लिहायच्या किंवा टेस्टिंगच्या नोकरीला लागले १७. आलेल्या ४८ मधले १७ म्हणजे ३५ टक्के. दोन्ही आकडे एकाच वहीतले. म्हणून मी म्हणते, ‘वरचा आकडा ओरडतो, खालचा आकडा बोलतो.’

१५. टक्के टाकूच नकोस, माणसं टाक: ‘४८ आले, ३९ जणांनी पूर्ण केलं, सहा महिन्यांत १७ जणांना सॉफ्टवेअरची नोकरी’ — जाहिरात मानक परिषद, म्हणजे आपली ॲस्की, हिच्या नियमातही नोकरी लागलेल्यांच्या आकड्याबरोबर त्या बॅचमधून पास झालेल्यांचा आकडा द्यावाच लागतो. मागची नोंद ही पुढच्या नोकरीची हमी नाही, हेही लिहावं लागतं.

१६. ‘सरासरी पॅकेज’ टाळ, मधलं पॅकेज लिही — १६ जणांना ३ लाख २० हजार आणि एकाला १२ लाख मिळाले तर सरासरी येते ३ लाख ७२ हजारांच्या आसपास, आणि त्या बॅचमध्ये तेवढा पगार एकालाही नसतो.

१७. पॅकेज वर्षाचं सीटीसी आहे हे लिही आणि हातात किती पडतं त्याचा अंदाजही दे — पीएफ, ग्रॅच्युइटी आणि व्हेरिएबल त्यातच धरलेलं असतं, आणि कॉट बेसिसचं भाडं हातातल्या पैशांतून जातं.

अमेरिकेतली एक गोष्ट सांगते, म्हणजे ही मावशीची कटकट वाटणार नाही. लॅम्ब्डा स्कूल नावाचं एक मोठं कोडिंग बूटकॅम्प होतं, पुढे त्याचं नाव ब्लूमटेक झालं. आधी शिका, नोकरी लागल्यावर पगारातून हिस्सा द्या, अशी त्यांची पद्धत. ७१ ते ८६ टक्के पोरांना नोकरी लागते अशी जाहिरात होती. तिथल्या ग्राहक वित्त संरक्षण खात्याने २०२४ मध्ये कारवाई केली तेव्हा खरा आकडा पन्नासच्या आसपास निघाला, काही बॅचचा तर तिसाइतका खाली. एका बॅचला शंभर टक्के नोकऱ्या लागल्याचं संस्थापकाने जाहीर सांगितलं होतं. त्या आकड्यामागे विद्यार्थी एकच होता! आणि तो पगारातला हिस्सा म्हणजे सरळसरळ कर्जच, असंही खात्याने ठरवलं.

१८. तुमच्याकडे ‘नोकरीनंतर फी’ असेल तर चार आकडे एकाच स्लाइडवर दे: किती पगारापासून, किती टक्के, किती महिने, जास्तीत जास्त एकूण किती — आणि कॉल सेंटरची नोकरी धरली जाते का तेही, कारण वाद तिथेच अडतो.

१९. यशस्वी विद्यार्थ्याचा फोटो टाकायचा तर नोकरी लागल्यानंतर घेतलेली लेखी संमती हवी — ॲडमिशन फॉर्मच्या तळाशी घेतलेली सही चालत नाही, हेही ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या त्याच तत्त्वांत आहे. फोटोखाली त्याने कुठला कोर्स केला ते लिही. तो आधीच बी.ई. कॉम्प्युटर असेल तर तेही.

२०. पोस्ट टाकण्याआधी स्लाइड फोनवरच्या काउन्सेलरना दाखव — तू ‘१७ जणांना’ लिहायचं आणि त्यांनी फोनवर ‘शंभर टक्के, काका’ म्हणायचं, तर तुझी मेहनत पाण्यात.

२१. आणि मालक म्हणाले ‘गॅरंटी शब्द घाल’, तर भांडू नकोस. गोड आवाजात विचार, ‘सर, नोकरी नाही लागली तर किती दिवसांत किती फी परत, ते त्याच स्लाइडवर लिहू ना?’ — तो शब्द ते स्वतःच काढायला सांगतील, बघ.