जगलेला प्रत्येक जिवाणू कामाचा नसतो

मधुमेही बालकांना आपण जे मानवी इन्शुलिन देतो, ते प्रथम १९७८ मध्ये ई. कोलाय या जिवाणूकडून तयार करून घेण्यात आले. त्याच्या ‘ए’ व ‘बी’ या दोन साखळ्या निरनिराळ्या जिवाणूंत बनवून नंतर जोडण्यात आल्या. २१ अमिनो आम्लांच्या ‘ए’ साखळीचे जनुक जिवाणूत कसे बसविले जाते आणि ते बसले हे कसे ओळखायचे, एवढाच भाग येथे मांडतो.

या कामासाठी पीबीआर३२२ या वर्तुळाकार प्लास्मिडावर आधारलेले वाहक वापरले गेले. मूळ पीबीआर३२२ मध्ये अँपिसिलिन व टेट्रासायक्लिन यांना विरोध करणारी दोन जनुके असतात. ईको-आर-वन हे विकर GAATTC ही अक्षरे जेथे आढळतील तेथे, तर बॅम-एच-वन हे GGATCC येथे डीएनए कापते. काप तिरका असल्यामुळे प्रत्येक टोकाला चार अक्षरांचा एकेरी धागा लोंबत राहतो. दोन विकरांची टोके भिन्न असल्याने कापलेले प्लास्मिड स्वतःशीच सहसा जुळत नाही आणि नवे जनुकही उलटे बसत नाही. टोके जुळली, तरी ती नुसती चिकटलेली असतात. लायगेज हे विकर एटीपीच्या साहाय्याने त्यांच्यात पक्का बंध निर्माण करते.

यानंतर कॅल्शियम क्लोराइडच्या थंड द्रावणात ठेवलेल्या जिवाणूंना क्षणभर ४२ अंश उष्णता देतात. फारच थोडे जिवाणू प्लास्मिड आत घेतात. अँपिसिलिन घातलेल्या बशीवर तेवढेच वाढतात. परंतु जगणे म्हणजे केवळ प्लास्मिड मिळाल्याची खूण होय. ते रिकामेही असू शकते.

येथे दुसरे प्रतिजैविक उपयोगी पडते. बॅम-एच-वनचा काप टेट्रासायक्लिन-विरोधी जनुकातच येतो, म्हणून नवा तुकडा बसला की तो विरोध नाहीसा होतो. मखमली कापडाने वसाहतींचा ठसा टेट्रासायक्लिनच्या बशीवर उमटवितात. तेथे जी वसाहत उगवत नाही, तीच पहिल्या बशीवरून उचलायची.

एक फसगत आपल्या परिचयाची आहे. अँपिसिलिन-विरोध म्हणजे बीटा-लॅक्टमेज. हे विकर जिवाणूबाहेर झिरपून सभोवतालचे औषध नष्ट करते. बशी अधिक काळ उबवल्यास मोठ्या वसाहतीभोवती प्लास्मिड नसलेल्या बारीक वसाहती उगवतात. त्या टाळाव्यात.

टेट्रासायक्लिनला बळी पडणे हाही अखेरचा पुरावा नव्हे, कारण त्या जनुकाचा भाग अपघातानेही गळू शकतो. म्हणून निवडलेल्या वसाहतीतील प्लास्मिड पुन्हा त्याच दोन विकरांनी कापून जेलवर तुकड्याची लांबी पाहतात. ‘ए’ साखळीसाठी ती सुमारे ७७ अक्षरजोड्या हवी. लांबी बरोबर असूनही एखादे अक्षर चुकलेले असू शकते. ते केवळ अनुक्रम वाचूनच कळते.