भेटायला जाशील तेव्हा

अगं, मैत्रिणीला भेटायला जायचं की नाही यावर कुढत बसू नकोस, आधी कधी जायचं ते ठरव. तिची केमो दर 21 दिवसांनी असते म्हणालीस ना? मग डोसनंतरचे पहिले काही दिवस मळमळीत जातात. साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत पांढऱ्या पेशी उतरलेल्या असतात, तेव्हा साधी सर्दीसुद्धा तिला महागात पडू शकते. पुढच्या डोसच्या आधीचा आठवडा त्यातल्या त्यात बरा, तरी निघण्यापूर्वी तिच्या घरी फोन कर. घसा जरा जरी खवखवत असला तरी जाऊ नकोस. गजरा, अत्तर नको, वासानेच तिला ढवळेल. घरात गेल्यावर आधी साबणाने हात धू.

दारातूनच ‘अय्या, किती फ्रेश दिसतेस!’ म्हणू नकोस. केस गेलेत, घरात आरसा आहे, तिला सगळं दिसतं. नुसतं ‘तुला भेटावंसं वाटलं गं’ म्हण आणि खुर्ची ओढून तिच्या समोर बस. तू उभी राहिलीस तर तिला सारखी मान वर करावी लागेल.

‘कशी आहेस?’ विचारलंस की ती ‘बरी आहे’ म्हणणार आणि विषय तिथेच मिटणार. त्यापेक्षा ‘काल रात्री झोप लागली का?’ असं विचार. समज ती म्हणाली, ‘झोप लागते, पण तोंडाला चवच नाही, पाणीसुद्धा लोखंडासारखं लागतं.’ तुझ्या जिभेवर लगेच आवळा, गुळवेल, कुणाच्या तरी मावसबहिणीला आलेला गुण असं सगळं येईल. ते गिळ. ‘चहासुद्धा नको वाटतो?’ एवढंच विचार. चहावरून ती कॉलेजच्या कँटीनवर जाईल, नाहीतर एकदम म्हणेल, ‘भीती वाटते गं.’ तेव्हा ‘काही होत नाही, तू खंबीर आहेस’ म्हटलंस की तिचं तोंड बंद झालंच म्हणून समज. ‘वाटणारच. कशाची जास्त वाटते?’ असं विचार आणि गप्प राहा. ती शांतता तुला फार लांबल्यासारखी वाटेल, पण ती भरून काढू नकोस.

तिला ऑफिसातल्या गप्पाच ऐकायच्या असतील तर त्याच सांग, मुद्दाम आजाराकडे वळू नकोस. रिपोर्ट, स्टेज ती आपणहून काढेल तरच. आपल्याकडे समाचाराला येणारे फायली चाळायला बसतात, मला ते अजिबात आवडत नाही. तुझ्या डोळ्यांत पाणी आलं तर येऊ दे, फक्त तुझी समजूत घालायची वेळ तिच्यावर आणू नकोस.

वीस मिनिटं पुरेत. तिची उत्तरं तुटक झाली किंवा ती उशी सारखी करायला लागली तर वीस मिनिटांआधीच ऊठ. निघताना ‘काही लागलं तर सांग’ म्हणू नकोस, ती कधीच सांगणार नाही. ‘गुरुवारी धाकट्याला क्लासवरून मी आणू का?’ असं विचार. हो म्हणाली तर मात्र गुरुवार चुकवू नकोस.