खुलासा मागितला की खरं दडतं

उरणकडच्या एका कंटेनर यार्डाची जुनी संगणक प्रणाली बदलून नवी बसवायचं काम आमच्या महापेच्या ऑफिसात चाललं होतं. शनिवारी रात्री जुन्या नोंदी नव्या प्रणालीत हलवायला घेतल्या आणि पहाटे सगळं मागे घ्यावं लागलं. सकाळी यार्डाच्या गेटवर ट्रेलरांची रांग लागली, नोंदी वहीत हाताने कराव्या लागल्या आणि पुढे ग्राहकाने प्रकल्पच थांबवला.

सोमवारी प्रकल्पप्रमुखांची मेल आली. विषय होता ‘गो-लाइव्ह अपयश : उपस्थिती अनिवार्य’. खाली एकच वाक्य : प्रत्येकाने आपापल्या कामातील त्रुटींचा खुलासा घेऊन यावे. सीसीमध्ये एचआर. प्रमुख मुळात वाईट नव्हते, त्यांच्यावरही वरून दबाव होता. पण मेल वाचल्यावर जो तो आपल्या बचावाला लागला. दुपारी प्रिंटरमधून जुन्या मेलांचे गठ्ठे निघत होते. मी दुसऱ्या टीममधली, टिपणं घ्यायला बसले होते. दोन तास कोणी कोणाला कधी काय कळवलं होतं एवढंच चाललं. व्हेंडरच्या पगारावर असलेली एक टेस्टर मुलगी अख्ख्या बैठकीत अवाक्षर बोलली नाही.

काही आठवड्यांनी तीच बैठक नव्याने घ्यायचं ठरलं आणि निमंत्रण लिहायचं माझ्याकडे आलं. लिहिण्याआधी मी प्रमुखांना भेटले. इथे बोललेलं अप्रेझलमध्ये वापरणार नाही, हे तुमच्या नावाने लिहू का, एवढंच विचारलं. त्यांनी हो म्हणायला दोन दिवस घेतले, आणि ते योग्यच होतं. मेलमध्ये आश्वासन देऊन नंतर ते मोडलं, तर पुढच्या वेळी कोणी तोंड उघडणार नाही. व्हेंडरच्या मॅनेजरकडूनही तोच शब्द घेतला, कारण त्या मुलीचं अप्रेझल आमच्या हातात नव्हतंच. मग हे लिहिलं :

‘यार्डाचा प्रकल्प फसला. ग्राहकाला त्रास झाला आणि आपली मेहनत वाया गेली. त्या रात्री कोणाला काय दिसत होतं आणि तेव्हा कोणता निर्णय योग्य वाटला, हे समजून घ्यायला बुधवारी 3 ते 4:30 भेटू या. एचआर आणि ग्राहकाचे लोक नसतील, रेकॉर्डिंग होणार नाही. टिपणात नावं नसतील आणि ते बाहेर जाण्याआधी तुम्ही सगळे वाचाल. इथलं बोलणं अप्रेझलमध्ये येणार नाही, हे आपल्या प्रमुखांनी आणि व्हेंडरच्या मॅनेजरनी मान्य केलं आहे. सोबत त्या रात्रीचा कोरा तक्ता आहे, आठवेल तेवढाच भरा. आधी एकट्याने बोलायचं असेल तर मला फोन करा.’

पहिलं वाक्य मुद्दाम तसं ठेवलं. ‘काही अडचणी आल्या’ असं लिहिलं असतं, तर मेलच खरं बोलत नाही हे लोकांना लगेच कळलं असतं. ‘कोणालाही दोष देणार नाही’ हे वाक्य मात्र टाळलं. ते वाचून माणूस उलट सावध होतो. बोललेल्या शब्दाचं पुढे काय होणार, हे नेमकं सांगितलं की तेवढं पुरतं. ‘का केलंत?’ याऐवजी ‘काय दिसत होतं?’ विचारण्यामागेही कारण आहे. जॉन ऑलस्पॉ यांनी 2012 मध्ये एट्सी या कंपनीतल्या अशा बैठकांबद्दल लिहिताना हाच मुद्दा धरला होता : त्या क्षणी माणसाला आपला निर्णय बरोबरच वाटत असतो, आणि तो तसा का वाटला हे शिक्षेच्या भीतीशिवाय सांगता आलं तरच बिघाड कळतो.

मेल गेल्यावर त्या टेस्टरचा फोन आला. बैठकीत तिने सांगितलं, की कंटेनरचा नंबर 11 चिन्हांचा असतो : चार अक्षरं, सहा आकडे आणि शेवटी एक तपासणीचा आकडा. यार्डात पूर्वी हाताने भरलेल्या नोंदींत या शेवटच्या आकड्याआधी रिकामी जागा सोडलेली होती. नवी प्रणाली अशा नोंदी नाकारत होती. रंगीत तालमीत हे का दिसलं नाही? तालीम फक्त अलीकडच्या, स्कॅनरने भरलेल्या नोंदींवर झाली होती. तेवढ्याच का घेतल्या? चाचणीच्या सर्व्हरवर जागा कमी होती आणि वाढीव जागेची मंजुरी अडकली होती. अशा काही नोंदी तिला आधी दिसल्या होत्या, तिने चॅटवर लिहिलंही होतं. पण ते वाचून पुढे नेण्याचं काम कोणाकडेच सोपवलेलं नव्हतं.

या पद्धतीला मर्यादा आहेत. कोणी जाणूनबुजून डेटा चोरला किंवा खोट्या नोंदी केल्या असतील, तर ती चौकशी वेगळी. त्या चौकशीसाठी असं निमंत्रण पाठवू नये. छोट्या टीममध्ये नाव गाळलं तरी माणूस ओळखू येतोच, म्हणून टिपणात आम्ही ‘टेस्टरने’ असंही न लिहिता ‘इशारा चॅटवर आला, पुढे गेला नाही’ असं लिहिलं. आणि मेल पाठवून दिवस गेला तरी कोणी बैठक स्वीकारत नसेल, किंवा ‘माझ्या मॅनेजरला आणू का?’ अशी विचारणा होत असेल, तर बैठक पुढे ढकलून आधी एकेकाशी बोलावं.

टिपण वाचून ग्राहकाने विचारलंच, ‘हा इशारा कोणाकडे अडकला?’ प्रमुखांनी लेखी उत्तर दिलं : नाव देणार नाही, इशारे कोणी पाहायचे हे आता ठरवलं आहे, त्याचा तक्ता सोबत जोडला आहे.