सप्लायरचा करार रजिस्टरमध्ये कसा उतरवायचा? (मुदत संपण्याची तारीख लिहून भागत नाही)

मागच्या व्हिडिओत कॉन्ट्रॅक्ट रजिस्टर म्हणजे काय ते पाहिलं. त्यावर बऱ्याच जणांनी विचारलं, "सर, शीट तर बनवली, पण बारा पानी करारातून त्यात नेमकं काय लिहायचं?" म्हणून आज एकच करार घेऊ आणि त्यातली एक नोंद शेवटपर्यंत भरू.

करार आहे आपल्या बॅचमधल्या एका ताईंचा. घरगुती मसाल्यांचा व्यवसाय, तीन प्रकारचे मसाले, छापील पाऊचमध्ये पॅकिंग. पाऊच बनवणाऱ्या एका युनिटशी त्यांनी दोन वर्षांचा करार केला होता. (ओळख पटू नये म्हणून आकडे थोडे बदलले आहेत.) ताईंनी करार फाईलला लावला आणि वहीत एक ओळ लिहिली: "पाऊच करार, 30 जून 2025 ला संपतो." याच ओळीमुळे त्या अडकल्या.

आधी वाचायचं कसं ते

करार पहिल्या पानापासून गोष्टीसारखा वाचू नका. हातात दोन रंगांचे हायलायटर घ्या. एक रंग "आपण करायचं", दुसरा "त्यांनी करायचं". इंग्रजी करारात 'शॅल', 'मस्ट', 'अग्रीज टू' असे शब्द दिसले की तिथे कोणावर तरी जबाबदारी आली असं समजा. मराठी करारात 'करील', 'बंधनकारक राहील', 'जबाबदार राहील' हे शब्द शोधा. 'मे' म्हणजे 'करू शकेल' दिसलं तर ती जबाबदारी नाही, तो हक्क आहे. पण समोरच्याचा हक्कसुद्धा लिहून ठेवायचा, कारण तो आपल्यावरच वापरला जातो.

आणि परिशिष्टं सोडू नका. दर, किमान ऑर्डर, डिलिव्हरीचे दिवस बहुतेक वेळा शेवटच्या परिशिष्टात असतात, आणि आपण नेमकं तेच पान सही करून उलटतो.

प्रत्येक जबाबदारी लिहिताना पाच गोष्टी आल्या पाहिजेत: कोणी, काय, कधीपर्यंत, नाही केलं तर काय, आणि कलम नंबर. कलम नंबर का? कारण सहा महिन्यांनी वाद झाला की तुमचं रजिस्टर कोणी मानत नाही, मूळ करारच उघडावा लागतो. तेव्हा शोधाशोध नको.

ताईंच्या करारात हे असं निघालं. कलम 4.2: ताईंनी दर तिमाहीला किमान 30,000 पाऊच उचलायचे, कमी उचलले तरी फरकाचे पैसे द्यायचे. कलम 5.1: सप्लायरने ऑर्डर मिळाल्यापासून 21 दिवसांत माल द्यायचा, संख्येत दहा टक्के कमी-जास्त चालेल. कलम 6.3: माल खराब असेल तर ताईंनी 7 दिवसांच्या आत लेखी कळवायचं, नाहीतर माल मान्य समजला जाईल. हे 7 दिवस बघा. पाऊचचं सील सुटतं हे कळतं मसाला भरताना, आणि ताई माल आल्यावर पंधरा-वीस दिवसांनी भरायला घ्यायच्या. म्हणजे तक्रारीचा हक्क दर वेळी वापरायच्या आधीच संपत होता! नोंदीत हे वाचल्यावर त्यांनी माल आला त्याच दिवशी प्रत्येक बंडलमधले चार-पाच पाऊच काढून पाणी भरून बघायला सुरुवात केली.

पेमेंटचं कलम 7.1 म्हणतं, 60 दिवसांत. इथे थांबा. सप्लायर उद्यम नोंदणी असलेला सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल, तर 2006 च्या एमएसएमईडी कायद्याप्रमाणे करारात काहीही लिहिलं तरी माल स्वीकारल्यापासून 45 दिवसांच्या पुढे पेमेंट नेता येत नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. ताईंच्या सप्लायरच्या बिलावर उद्यम नंबर छापलेला होता. म्हणून रजिस्टरमध्ये लिहिलं: "करारात 60, पाळायचे 45."

आता मुख्य गोष्ट: रिन्युअल

कलम 13 असं होतं: करार 1 जुलै 2023 पासून 24 महिने. मुदत संपण्याच्या किमान 60 दिवस आधी कोणीही लेखी नोटीस दिली नाही, तर करार त्याच अटींवर आपोआप 12 महिने वाढेल.

म्हणजे 30 जून ही करार संपण्याची तारीख नव्हतीच. काहीच केलं नाही तर त्या दिवशी करार वाढणार होता. कामाची तारीख होती 60 दिवस आधीची, 1 मे 2025.

आणि तीसुद्धा खरी नाही. 'किमान 60 दिवस' मध्ये तो दिवस धरायचा की नाही यावर वाद घालायला जागा असते, म्हणून एक दिवस मागे या: 30 एप्रिल. मग कलम 17 काढा, 'नोटीस' नावाचं. हे कलम जवळजवळ प्रत्येक कराराच्या शेवटी असतं आणि कोणी वाचत नाही. ताईंच्या करारात लिहिलं होतं की नोटीस स्पीड पोस्टनेच, कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्यावर, आणि पाठवल्यापासून पाचव्या दिवशी मिळाली असं मानलं जाईल. म्हणजे पाठवायची शेवटची तारीख 25 एप्रिल, शुक्रवार. शेवटच्या दिवसावर कोणी विसंबू नये, म्हणून आपण सोमवार 21 एप्रिल लिहू. आणि 'ठेवायचं की सोडायचं' हा निर्णय त्याच्याही आधी व्हायला हवा. दुसऱ्या सप्लायरकडून कोटेशन, नमुना, छपाईची तयारी यात महिना-दीड महिना जातो. म्हणून रिमाइंडर 1 मार्चला.

शीटमध्ये B2 मध्ये सुरुवातीची तारीख टाकली की बाकीचं असं निघतं:

```
B3: =EDATE(B2,24)-1
B4: =B3-60
B5: =B4-1-5
```

B3 मध्ये 30 जून 2025 येईल, B4 मध्ये 1 मे, B5 मध्ये 25 एप्रिल. पहिल्या फॉर्म्युल्यातला `-1` विसरला तर सगळं एक दिवसाने पुढे सरकतं आणि नोटीस उशिराची ठरू शकते. अजून एक: सुरुवातीची तारीख म्हणजे सहीची तारीख नव्हे. हा करार सही झाला 12 जूनला, लागू झाला 1 जुलैला. 'इफेक्टिव्ह डेट' शोधा, तीच B2 मध्ये टाका.

ताईंनी काय केलं? त्यांची विक्री कमी झाली होती, तिमाहीला 18,000 पाऊच पुरत होते. 20 मेला त्यांनी सप्लायरला व्हॉट्सअ‍ॅप केला, "दादा, जूननंतर करार पुढे नको." उत्तर आलं: "ताई, कलम 13 बघा, तो तर वाढला." उशीरही झालेला, आणि मार्गही चुकीचा. दर पाऊच 3 रुपये. दर तिमाहीला 12,000 जादा पाऊच, म्हणजे 36,000 रुपये. वर्षाचे 1,44,000.

टर्मिनेशन हा वेगळा दरवाजा आहे

तेव्हा ताई करार घेऊन आल्या आणि आम्ही बसून ही नोंद भरली. रिन्युअल नाकारणं आणि करार मध्येच संपवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि रजिस्टरमध्ये त्यांचे रकानेही वेगळे हवेत. टर्मिनेशनमध्ये पुन्हा दोन प्रकार बघायचे: समोरच्याची चूक असताना आणि चूक नसताना.

चुकीसाठी कलम 14.1: लेखी नोटीस, सुधारायला 30 दिवस, तरी सुधारलं नाही तर करार रद्द. सप्लायरने दोनदा उशीर केला होता, पण ताईंनी एकदाही लेखी कळवलं नव्हतं, म्हणून हा दरवाजा बंद. कलम 14.3 मात्र म्हणत होतं: पहिल्या 12 महिन्यांनंतर कोणताही पक्ष कारण न देता 90 दिवसांच्या नोटिशीने बाहेर पडू शकतो. हेच हवं होतं! 2 जूनला स्पीड पोस्ट, 7 जूनला मिळाली असं मानलं, 90 दिवस पूर्ण 5 सप्टेंबरला. चालू तिमाहीची किमान खरेदी पूर्ण करण्याची अट होतीच, त्यामुळे जुलै ते सप्टेंबरचे 36,000 रुपये गेले. पण पुढच्या तीन तिमाह्या वाचल्या, म्हणजे 1,08,000.

टर्मिनेशनच्या कलमाखाली अजून एक वाचायचं असतं: संपल्यावर काय. कलम 15 मध्ये होतं की छपाईचे सिलेंडर ताईंच्या पैशाने बनलेले असल्यामुळे त्यांचेच, पण करार संपल्यापासून 30 दिवसांत, सगळं बिल चुकतं करून, लेखी मागितले पाहिजेत. नाहीतर सप्लायर ते भंगारात काढू शकतो. पाऊचच्या डिझाइनमधल्या प्रत्येक रंगाला एक सिलेंडर लागतो, ताईंचे पाच होते. नवीन सप्लायरकडे पुन्हा बनवायचा खर्च किती, हे ज्यांनी केलंय त्यांना माहीत आहे.

तर शेवटी नोंद अशी झाली:

करार: छापील पाऊच पुरवठा. लागू 1 जुलै 2023. मूळ करार कपाटात, स्कॅन 'करार' फोल्डरमध्ये.
आपण: दर तिमाही किमान 30,000 पाऊच, कमी पडल्यास फरक भरायचा (4.2). खराब मालाची लेखी तक्रार 7 दिवसांत (6.3). पेमेंट करारात 60, पाळायचे 45 दिवस (7.1).
ते: ऑर्डरपासून 21 दिवसांत माल, संख्या ±10% (5.1). उशीर झाला की त्याच दिवशी लेखी कळवायचं, 14.1 साठी लागेल.
रिन्युअल: आपोआप 12 महिने (13). निर्णय 1 मार्च, नोटीस 21 एप्रिल, शेवट 25 एप्रिल.
टर्मिनेशन: चूक असल्यास 30 दिवस सुधारणा (14.1). कारणाशिवाय 90 दिवस, 12 महिन्यांनंतर, चालू तिमाही पूर्ण करून (14.3).
संपल्यावर: सिलेंडर 30 दिवसांत लेखी मागायचे (15), म्हणजे 5 ऑक्टोबर 2025 पर्यंत.
नोटीस: फक्त स्पीड पोस्ट, नोंदणीकृत पत्ता, +5 दिवस (17).

भरताना एखादं वाक्य दोनदा वाचूनही दोन अर्थ निघत असतील, तर आपल्या सोयीचा अर्थ लिहू नका. जसं आहे तसं उतरवा, शेजारी प्रश्नचिन्ह टाका आणि सही करायच्या आधी सप्लायरकडून ई-मेलवर खुलासा घ्या. सही झाली असेल आणि रक्कम मोठी असेल, तर तेवढं एक कलम वकिलाला दाखवा.

आणि मध्येच दर बदलला किंवा मुदत वाढवली, तर जुनी ओळ खोडू नका. खाली नवीन ओळ घ्या, त्यात बदलाची तारीख आणि कोणत्या पत्राने बदल झाला ते लिहा. ताईंचे पाचही सिलेंडर 26 सप्टेंबरला टेम्पोने आले. ती ओळ त्यांनी स्वतः भरली.