गाळ उपसायचाय? आधी कॅलेंडर बघ

अगं, कळंबा तलावाच्या प्रस्तावाचा तुझा मसुदा वाचला. भाषा छान आहे, पण कंपनीचा सीएसआर बघणारा माणूस भाषा वाचत नाही, तो चार रकाने जुळतात का ते बघतो. तेवढ्याबद्दलच बोलते.

पहिलं लाभार्थी. तू लिहिलंयस, 'कोल्हापूर शहरातील नागरिक'. हे खोडून टाक. समजा आपण दहा हजार घनमीटर गाळ काढतोय. खणल्यावर माती फुगते. पाव भाग वाढ धरली तर ट्रॉल्यांत साडेबारा हजार घनमीटर भरेल. एकरभर रानावर दहा सेंटिमीटरचा थर द्यायला साधारण चारशे घनमीटर लागतो. म्हणजे आपला गाळ तीसेक एकरांनाच पुरतो. मग लाभार्थी कोण? गाळ नेणारे तेवढे शेतकरी, गट नंबरासह यादीत. पाणी वापरणारी कुटुंबं वेगळ्या ओळीत लिही. एकच माणूस दोनदा मोजलास की तिथंच विश्वास उडतो.

दुसरं, अपेक्षित परिणाम. 'पाणीटंचाई दूर होईल' असं लिहू नकोस, बाई. दहा हजार घनमीटर म्हणजे एक कोटी लिटर. माणशी रोज 55 लिटर धरलं तर दहा हजार माणसांना अठरा दिवसांचं पाणी, तेही तलाव भरला तर आणि बाष्पीभवन सोडून. एवढंच लिही. शिवाय पातळीवरून यश मोजू नकोस. पाऊस चांगला झाला तर गाळ न काढताही तलाव भरतो. मोजायची ती साठवण क्षमता.

तिसरं, अंदाजपत्रक. आकडे उदाहरणाचे आहेत, दर तू चौकशी करून घाल. पोकलेन, डिझेलसह, घनमीटरला साठ रुपयांनी सहा लाख. कात्यायनीच्या डोंगराकडून येणाऱ्या ओढ्यांवर दगडी बांध, तीन लाख. ते नसले तर पुढच्या पावसात गाळ परत येतो. खोलीची मोजणी, आधी एकदा आणि नंतर एकदा, ऐंशी हजार. नोंदी आणि देखरेख एक लाख वीस हजार. एकूण अकरा लाख. गाळाची वाहतूक शेतकरी करतील, ती लोकवाटा म्हणून वेगळी दाखव.

आता जिथं चांगले प्रस्ताव अडकतात ते सांगते. गाळ काढायचे दिवस पाणी उतरल्यावरचे, फेब्रुवारी अखेर ते मे. आणि कंपनीचं वर्ष संपतं 31 मार्चला. पैसे आपल्या खात्यात आले म्हणजे खर्च झाले, असं धरत नाहीत; आपण ते कामावर वापरलेले असले पाहिजेत, आणि 2021 च्या नियमांपासून तसा दाखला कंपनीच्या वित्तप्रमुखाला द्यावा लागतो. म्हणून प्रस्तावातच लिही, हा 'चालू प्रकल्प' म्हणून संचालक मंडळाने मंजूर करावा. मग उरलेली रक्कम वर्ष संपल्यापासून तीस दिवसांत कंपनीच्या वेगळ्या खात्यात जाते आणि मे महिन्यात कामाला मिळते. नाहीतर ती केंद्राने ठरवून दिलेल्या निधीत भरावी लागते आणि आपली पोकलेन तलावात उभी राहते. संस्थेचा सीएसआर-1 नोंदणी क्रमांक, महापालिकेची परवानगी आणि ग्रामपंचायतीचा ठराव डिसेंबरातच हातात हवा.

शेवटचं, देखरेख. 'दरमहा अहवाल देऊ' ही देखरेख नव्हे. ठेकेदार खेपा मोजून बिल लावतो. अडीच घनमीटरच्या पाच हजार ट्रॉल्या झाल्या की साडेबारा हजाराचं बिल येतं, पण खड्डा निघालेला असतो दहा हजारांचाच. फुगलेल्या मातीचे दीड लाख जास्त जातात. म्हणून करारात लिही: बिल खड्ड्याच्या मोजणीवर, खेपांची वही फक्त पडताळणीला. मोजणी संस्थेबाहेरच्या अभियंत्याकडून, त्याच ठरलेल्या बिंदूंवर. तलावाच्या बांधाच्या पायथ्याजवळ आणि गाळाखालच्या मुरुमात खणायचं नाही, हेही त्यातच लिही.

हप्ते याच मोजणीला बांध: आधीची मोजणी झाल्यावर चाळीस टक्के, निम्मा गाळ निघाल्यावर चाळीस, आणि शेवटचे वीस पावसाळ्यानंतर, ओढ्यांवरचे बांध टिकलेत हे पाहून. त्यासाठी प्रकल्पाची मुदत मे नव्हे, नोव्हेंबर लिही.

आणि लिहिताना क्रम उलटा घे. आधी देखरेखीचं पान, मग परिणाम, मग पैसे, सगळ्यात शेवटी प्रस्तावना. जे मोजता येणार नाही ते परिणामांत लिहायचं नाही, आणि मोजायला पैसे ठेवले नसतील तर तेही खोडायचं. सुधारलेला मसुदा या आठवड्यात पाठव. मोजणीचं पान पहिलं बघेन.