वाढीच्या आलेखाचे वाचन

भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या २०१५ च्या आलेखाचे छायाचित्र बहुधा तिरके असते. म्हणून पट्टी कागदाच्या कडेस नव्हे, तर छापील रेषांस समांतर धरावी. समजा, सोमाटण्याच्या शाळेतील एक मुलगा ८ वर्षे ६ महिन्यांचा असून उंची १२१ सेंटिमीटर आहे. मुलग्यांच्या आलेखावर ८ व ९ यांच्या बरोबर मध्ये खूण करावी. केवळ ८ वर धरल्यास तो आहे त्याहून उंच भासेल. टिंब १० व २५ च्या रेषांमध्ये पडते. याचा अर्थ, समवयस्क शंभर मुलग्यांत दहांहून अधिक, परंतु पंचविसांहून कमी त्याच्यापेक्षा ठेंगणे असतात. हे गुण नव्हेत. पालक मात्र ‘नापास’ समजून घाबरतात! वजनाचे टिंब निराळे मांडावे. सहा महिन्यांनी तोच पट्टा राहिल्यास चिंता नसावी; टिंब दोन रेषा खाली उतरल्यास किंवा ३ च्या रेषेखाली गेल्यास, माप पुन्हा घेऊन, मुलास डॉक्टरांकडे धाडावे.