गोदामातील पेट्या आणि पडद्यावरील सत्त्याऐंशी टक्के

यंत्रसामग्रीची एकूण परिणामकारकता, अर्थात कारखान्यातील रोजच्या बोलीत ‘ओईई’, ही तीन गुणोत्तरांच्या गुणाकाराने काढतात. नियोजित वेळेपैकी यंत्र किती वेळ प्रत्यक्ष चालले ती उपलब्धता, चाललेल्या वेळेत आदर्श वेगाच्या तुलनेत किती माल निघाला ती कामगिरी, आणि निघालेल्या मालापैकी किती माल विकण्याजोगा होता ती गुणवत्ता. जपानमध्ये ‘टोटल प्रॉडक्टिव्ह मेंटेनन्स’ या पद्धतीचा पाया घालणारे सेईची नाकाजिमा यांनी हे माप रूढ केले आणि ९०, ९५ व ९९ टक्के असे तीन उंबरठे सांगितले. त्यांच्या गुणाकारातून येणारा सुमारे ८५ टक्क्यांचा आकडा आजही उत्तम कारखान्याची खूण म्हणून सांगितला जातो. या आकड्यामुळेच फसगतही होते, कारण लहान लाइनवर पहिल्याच आठवड्यात पडद्यावर ८५च्या वर आकडा दिसला, तर कारखाना चांगला असण्यापेक्षा हिशेब चुकलेला असण्याचा संभव अधिक असतो.

वर्धा जिल्ह्यात १९७५पासून दारूबंदी असल्याने तेथे बॉटलिंगची लाइन म्हटली म्हणजे बहुधा पाण्याचीच, आणि तिची खरी कसोटी एप्रिल-मे महिन्यांत, ऊन आणि लग्नसराई एकाच वेळी येतात तेव्हा लागते. अशाच एका कारखान्यात ओईई मोजण्याची व्यवस्था प्रस्तुत लेखकाने बसविली होती आणि पुढे वर्णिलेल्या चुका त्याच्याच हातच्या आहेत. लाइन साधी होती. बाटली धुणे, भरणे आणि झाकण लावणे ही तिन्ही कामे करणारे, मिनिटाला १२० बाटल्यांच्या क्षमतेचे आरएफसी यंत्र, त्यापुढे लेबल लावणारे यंत्र, आणि शेवटी पॅकिंगचे टेबल, जेथे कामगार महिला एक लिटरच्या १२ बाटल्या पुठ्ठ्याच्या पेटीत भरून पेटी टेपिंग मशीनकडे ढकलत. यंत्राचे नियंत्रण करणाऱ्या औद्योगिक संगणकातून, म्हणजे पीएलसीमधून, दोनच गोष्टी घेतल्या होत्या: आरएफसीच्या तोंडाशी बसविलेल्या प्रकाश-सेन्सरचा काउंटर आणि मुख्य मोटर सुरू असल्याचे सांगणारे ‘रन’ बिट.

एका पाळीचा हिशेब येथे सोयीसाठी गोळाबेरीज आकड्यांत मांडला आहे. पाळी ४८० मिनिटांची, त्यातून ३० मिनिटांची सुट्टी वजा जाता नियोजित वेळ ४५० मिनिटे उरते. पडद्यावर यंत्र ४१४ मिनिटे चालल्याचे दिसत होते, म्हणून उपलब्धता ९२ टक्के. काउंटरवर ३९,६०० बाटल्या आणि आदर्श वेग मिनिटाला १००, म्हणून कामगिरी जवळपास ९५.७ टक्के. झाकण तपासणाऱ्या यंत्राने ३९६ बाटल्या बाहेर टाकल्या, म्हणून गुणवत्ता ९९ टक्के. गुणाकार ८७.१ टक्के आला आणि तो फलकावर लिहिलाही गेला. त्याच संध्याकाळी गोदामाच्या वहीत मात्र २,८५० पेट्यांची नोंद होती, म्हणजे ३४,२०० बाटल्या. पडद्याच्या हिशेबाने चांगल्या बाटल्या ३९,२०४ होत्या. पाच हजार बाटल्यांचा हा फरक गळतीने किंवा चोरीने पडत नसतो.

येथे एक साधे बीजगणित ध्यानात घ्यावे लागते. तिन्ही गुणोत्तरांचा गुणाकार करताना ‘चाललेला वेळ’ उपलब्धतेत अंशस्थानी आणि कामगिरीत छेदस्थानी येतो व कटतो. ‘एकूण बाटल्या’ कामगिरीत अंशस्थानी आणि गुणवत्तेत छेदस्थानी येतात व त्याही कटतात. शेवटी उरते ते एवढेच:

```
OEE = good_count / (planned_min * ideal_rate)
```

यावरून एक निष्कर्ष निघतो, जो पाठ्यपुस्तकांत क्वचितच ठळकपणे सांगितला जातो. यंत्राच्या स्थितीची नोंद चुकली तर ओईई बदलत नाही, केवळ तोटा एका खान्यातून दुसऱ्या खान्यात जातो. परंतु चांगल्या मालाची मोजणी किंवा आदर्श वेग चुकला तर ओईईच खोटी ठरते. म्हणून तपासाचा क्रमही तोच असावा: आधी वेग व काउंटर, मग स्थिती.

आदर्श वेगाची चूक कबूल करायला लाज वाटावी इतकी साधी होती. यंत्राच्या पाटीवर १२० असताना चालक नेहमी ज्या वेगावर यंत्र ठेवी तो १०० हा आकडाच आदर्श म्हणून भरला गेला होता. सवयीचा वेग आदर्श मानला की संथपणाने होणारा तोटा हिशेबातून नाहीसा होतो. पाटीवरचा आकडा घेतल्यावर नियोजित वेळेतील कमाल उत्पादन ५४,००० बाटल्या ठरते आणि ८७ टक्के एकदम ७२.६ वर येतात. हा आकडा बाटलीच्या आकारमानागणिक वेगळा असतो, त्यामुळे अर्ध्या लिटरवरून दोन लिटरवर जाताना तोही बदलला जाईल अशी सोय कार्यक्रमातच करावी लागते.

काउंटरची चूक अधिक लबाड होती. पीईटीची बाटली पारदर्शक असते. तिच्या पुढच्या आणि मागच्या कडेला प्रकाशकिरण अडतो, पण मधल्या भागातून तो पार जातो, आणि ओल्या बाटलीवर थेंब असले की हा खेळ आणखी वाढतो; त्यामुळे सेन्सरला काही बाटल्या दोन दोन दिसतात. असे घडते आहे हे ओळखण्याची खात्रीची खूण यंत्रातच होती. भरणीच्या चाकाला २४ नळ्या असल्याने एका फेऱ्यात २४हून अधिक बाटल्या भरल्या जाणे अशक्य. चाकाचे फेरे वेगळ्या सेन्सरने मोजून त्यांना २४ने गुणले आणि काउंटरशी ताडून पाहिले, तेव्हा काही तासांत काउंटर या कमाल मर्यादेच्याही पुढे गेलेला आढळला. सेन्सर झाकणाच्या उंचीवर, झाकण लागल्यानंतरच्या जागी हलविला आणि एका बाटलीनंतर पाव सेकंदापर्यंत दुसरी नोंद न घेण्याची अट घातली. पूर्ण वेगातही दोन बाटल्यांत अर्ध्या सेकंदाचे अंतर असते, त्यामुळे या अटीने खरी बाटली सुटत नाही. अशा मोजणीने या पाळीची खरी एकूण संख्या ३५,४९६ ठरली. ४,१०४ नोंदी दुहेरी होत्या.

तरीही ३५,४९६मधून ३९६ वजा केल्यास ३४,२०० येत नाहीत. उरलेल्या ९०० बाटल्या पॅकिंगच्या टेबलाखाली ठेवलेल्या निळ्या क्रेटमध्ये होत्या. वाकडे लेबल, चेपलेले बुड, गळते झाकण अशा कारणांनी कामगार महिला त्या हाताने बाजूला काढीत आणि त्यांची नोंद कोणत्याही पीएलसीत होत नसे. म्हणून चांगल्या मालाची मोजणी यंत्राच्या तोंडाशी नव्हे तर टेपिंग मशीनमधून बाहेर पडणाऱ्या पेट्यांवर करणे हाच योग्य मार्ग ठरतो. गुणवत्ता ९९वरून ९६.३ टक्क्यांवर आली आणि ओईई ६३.३ टक्के झाली, म्हणजेच ३४,२०० भागिले ५४,०००.

काउंटरविषयी आणखी एक गोष्ट सांगणे भाग आहे. काउंटरचा आकडा सोळा बिटांच्या चिन्हयुक्त पूर्णांकात साठविलेला असेल आणि मिळवणी साध्या बेरजेने होत असेल, तर ३२,७६७ नंतर तो थेट उणे ३२,७६८ होतो, आणि वरील लाइनवर हा क्षण पहिल्याच पाळीत येतो. बत्तीस बिटांचा पूर्णांक घेतला तर मिनिटाला १२०च्या वेगाने अखंड मोजूनही तो भरायला ३४ वर्षे लागतात. दुसरा धोका वळवाच्या पावसात वीज जाण्याचा: काउंटर वीज गेल्यावरही टिकणाऱ्या स्मृतीत नसेल तर तो शून्यावर येतो आणि जुन्या व नव्या आकड्यांची वजाबाकी उणे निघते. त्यासाठी पाळीची बेरीज नेहमी फरकांतून करावी, आणि `prev` व `total` हे दोन्ही टिकाऊ स्मृतीत ठेवावेत:

```
IF raw >= prev THEN
    delta := raw - prev;
ELSE
    delta := raw;   (* reset *)
END_IF;
prev  := raw;
total := total + delta;
```

ओईई खरी झाल्यावर प्रश्न संपला असे वाटले, आणि खरे नुकसान त्यानंतरच झाले. फलकावर आता उपलब्धता ९२, कामगिरी ७१.४ आणि गुणवत्ता ९६.३ असे दिसू लागले. ते पाहून यंत्र संथ आहे असा अर्थ लावला गेला आणि ड्राइव्हची फ्रिक्वेन्सी वाढविण्यात आली. दोनच दिवसांत झाकणे तिरपी बसू लागली आणि निळे क्रेट दुपारीच भरू लागले.

दोष ‘रन’ बिटाच्या अर्थात होता. मोटर फिरते आहे याचा अर्थ बाटल्या भरल्या जात आहेत असा होत नाही. टेपिंग मशीनवर टेपचा नवा रोल लावताना टेबल तुंबे, पट्टा मागपर्यंत बाटल्यांनी भरे, आरएफसीच्या तोंडावरचा गेट बंद होई, आणि तरी चाक रिकामेच फिरत राही. या स्थितीला ‘ब्लॉक्ड’ म्हणतात; मागून बाटल्याच न आल्याने यंत्र रिकामे राहिले तर ती ‘स्टार्व्ह्ड’. पॅकिंग यंत्रांसाठीच्या पॅकएमएल या मानक पद्धतीत हाच भेद नेमका केला आहे: यंत्र स्वतःच्या अंतर्गत कारणाने थांबले तर ‘हेल्ड’, आणि पुढच्या-मागच्या यंत्रामुळे थांबले तर ‘सस्पेंडेड’. पट्टा तुंबल्याचा सेन्सर आणि गेटची स्थिती जोडून नवा नियम केला, तेव्हा ४१४ पैकी ४८ मिनिटे यंत्र ब्लॉक्ड असल्याचे दिसले. चाललेला वेळ ३६६ मिनिटे ठरला, उपलब्धता ८१.३, कामगिरी ८०.८, गुणवत्ता ९६.३. गुणाकार तोच, ६३.३. मात्र दोषी यंत्र बदलले: वेग वाढवायचा नव्हता, टेपचा रोल बदलायला लागणारा वेळ कमी करायचा होता. टेबलाशी भरलेला दुसरा टेप-हेड तयार ठेवण्याने ते काम झाले आणि ड्राइव्ह पुन्हा जुन्या जागी आणला गेला.

स्थितींची नोंद करताना एका क्षणी एकच स्थिती खरी असावी आणि सर्व स्थितींच्या मिनिटांची बेरीज पाळीच्या घड्याळाशी जुळावी. ती ४८०ऐवजी ४९३ आली तर दोन स्थिती एकावर एक मोजल्या जात आहेत असे समजावे. एक-दोन मिनिटांचे लहान थांबे उपलब्धतेत धरायचे की कामगिरीत, हा मतभेदाचा विषय आहे, पण त्याने ओईई बदलत नसल्याने त्यावर फार वेळ घालवू नये. वीज गेल्याचा वेळ नियोजित वेळेतून वगळण्याचा मोह मात्र आवरावा, कारण त्यामुळे छेद लहान होतो आणि ओईई खरोखरच फुगते. तो वेगळी स्थिती म्हणून दाखविणे अधिक प्रामाणिक.

ज्यांच्या लाइनवर असा फलक आधीच लागलेला आहे त्यांनी आजच्या पाळीअखेरीस गोदामात जाऊन पेट्या मोजाव्यात, बारांनी गुणाव्यात, नियोजित मिनिटे व पाटीवरचा वेग यांच्या गुणाकाराने भागाव्यात, आणि येणारा आकडा पडद्यावरच्या आकड्याशेजारी खडूने लिहून ठेवावा.